डिजिटल सहीची मुदत संपली. नोटिशीचे उत्तर कसे द्यावे?

आपल्या समाजातील बरेच कारखानदार आता भागीदारी सोडून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करून कारोबार करतात. बँकेचे कर्ज आणि मोठ्या गिऱ्हाइकांची ऑर्डर यासाठी ते सोयीचे पडते. पण कंपनी झाली की आयकराच्या विवरणपत्रावर शाईची सही चालत नाही, संचालकाची डिजिटल सही लागते. ही सही एका लहान टोकनमध्ये असते आणि तिला ठराविक मुदत असते. मुदत संपल्याचे बहुधा तेव्हाच कळते, जेव्हा नोटिशीचे उत्तर लिहून तयार असते आणि पोर्टल ते पडताळून घेत नाही. अशा वेळी काय करावे, याचा विचार एका उदाहरणाने करू.

समजा, मालेगावात दोन भावांची लूमची कंपनी आहे. थोरले भाऊ व्यवस्थापकीय संचालक, धाकटे संचालक. कंपनीला आयकर खात्याची सूचना आली ती ८ सप्टेंबर २०२५ रोजी. कामगारांच्या पगारातून कापलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम उशिरा भरली, म्हणून २ लाख ४० हजार रुपये उत्पन्नात मिळवण्याचा प्रस्ताव त्यात आहे. ही रक्कम पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ ऑक्टोबर २०२२ च्या निकालानंतर १९६१ च्या कायद्याखाली या बाबतीत एका दिवसाचीही सूट राहिली नव्हती. पण या कंपनीने पैसे १४ तारखेलाच भरले होते. लेखापरीक्षण अहवालात तारीख चुकून १६ पडली. म्हणजे उत्तर सरळ आहे: प्रस्ताव अमान्य, चलनाची तारीख व क्रमांक अमुक. उत्तर गेले नाही तर २२ टक्क्यांचा दर निवडलेल्या कंपनीला अधिभार व उपकर धरून सुमारे ६० हजार रुपये कर आणि वर व्याज भरावे लागेल.

येथे पहिली गोष्ट मुदतीची. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १४३ (१) प्रमाणे अशा सूचनेला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असला तरी त्याआधीच्या उत्पन्नाची विवरणपत्रे जुन्या कायद्यानेच तपासली जातात. हे ३० दिवस सूचना निघाल्यापासून मोजतात, आपण ती उघडून वाचली त्या दिवसापासून नव्हे. आपल्या उदाहरणात शेवटचा दिवस ८ ऑक्टोबर. २९ सप्टेंबरला मुनीमजींनी उत्तर भरले, पडताळणीच्या पानावर थोरल्या भावांची सही लावली, आणि तिची मुदत ऑगस्टमध्येच संपल्याचे दिसले. हाती राहिले नऊ दिवस.

आता दुसरी गोष्ट. आपण जो कागद पाठवत आहोत तो कोणत्या जातीचा आहे, हे आधी ओळखावे. कंपनीचे विवरणपत्र असेल तर नियमाप्रमाणे डिजिटल सहीच हवी, तिथे पळवाट नाही. पण चेहराविरहित कर-निर्धारणातील प्रश्नावलीचे उत्तर असेल तर मोकळीक आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जाहीर केले की, कंपनीने आपल्या नोंदणीकृत खात्यातून पोर्टलवर दिलेले कागद पडताळलेलेच समजले जातील. तिसरा प्रकार म्हणजे आपल्या उदाहरणासारखी सूचना. तिच्या बाबतीत पडताळणीचे पान काय मागते तेच पाहावे. तिथे ओ.टी.पी.चा मार्ग दिला असेल तर तो घ्यावा. फक्त डिजिटल सहीच मागितली असेल, तर पुढील दोन वाटा उरतात.

पहिली वाट धाकट्या भावांची. कायद्याने कंपनीच्या विवरणपत्रावर सही व्यवस्थापकीय संचालकाची. पण टाळता न येणाऱ्या कारणाने त्यांना ती करता येत नसेल तर कोणताही संचालक करू शकतो. उत्तराच्या बाबतीतही हाच क्रम धरावा. धाकट्या भावांची सही चालू असेल तर त्यांचे नाव कंपनीच्या खात्यात मुख्य संपर्क व्यक्ती म्हणून घालावे. मात्र त्यांची डिजिटल सही कंपनीच्या खात्यात नोंदवायची नसते. ती त्यांच्या स्वतःच्या पॅनच्या खात्यात, `My Profile` मधील `Register DSC` येथे नोंदवायची असते. बरेच लोक इथेच अडतात आणि सही खराब आहे असे समजतात. थोरल्या भावांना सही का करता आली नाही, याचा दोन ओळींचा संचालक मंडळाचा ठराव फाइलला ठेवावा.

दुसरी वाट नवी सही घेण्याची. सरकारमान्य प्रमाणन संस्थेकडे अर्ज, मोबाइलवर ओ.टी.पी. आणि कॅमेऱ्यासमोर छोटी ओळख-पडताळणी, एवढेच काम असते. कागद बरोबर असतील तर ते एक-दोन दिवसांत होते. सही वर्ग ३ चीच मिळते, कारण वर्ग २ देणे १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले. ती घेताना पॅन नोंदवलेली घ्यावी, नाहीतर आयकर पोर्टल तिला स्वीकारत नाही.

उशीर होतो तो नावांमुळे. आपल्याकडे पॅनवर ‘मोहम्मद’ पूर्ण लिहिलेले असते आणि आधारवर त्याचे ‘मो.’ झालेले असते. कुठे ‘शेख’ नावाच्या आधी, कुठे शेवटी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज परत येतो, आणि आधार दुरुस्तीत आठवडा सहज जातो. थोरल्या भावांच्या कागदांत असा फरक असेल तर नऊ दिवस पुरणार नाहीत. मग धाकट्या भावांचीच वाट धरावी आणि नव्या सहीचे काम मागाहून करावे.

नवी सही हाती आली तरी काम संपत नाही. मुदत वाढवून मिळते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता ते नवेच प्रमाणपत्र असते. म्हणून ते पोर्टलवर पुन्हा नोंदवावे लागते. ही नोंद न केल्यास पोर्टल जुनीच सही धरून बसते आणि नकार देते. संगणकाची तारीख मागे नेऊन जुनी सही चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. जुन्या सहीने मुदतीत केलेले कागद मात्र वैध राहतात.

सी.ए. साहेबांना अधिकृत प्रतिनिधी नेमून त्यांच्या खात्यातून उत्तर देता येते. पण ही नेमणूक करतानाही पोर्टल पडताळणी मागू शकते, तेव्हा ती शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये. आणि सोय म्हणून टोकन पिनसह त्यांच्या कपाटात कायमचे देऊन टाकू नये. सही म्हणजे आपली जबान आहे. तिने जे जाईल त्याचा जवाब आपल्यालाच द्यावा लागेल.

उत्तर गेले की नाही याची खूण एकच: पडताळणीनंतर व्यवहार क्रमांक मिळतो आणि `e-Proceedings` मध्ये आपले उत्तर दिसते. नुसते जतन केलेले उत्तर म्हणजे न दिलेले उत्तर. मुदत हुकलीच तर पुढे दुरुस्तीचा अर्ज किंवा ३० दिवसांत अपील आहे. पण कंपनीच्या अपिलालाही चालू डिजिटल सहीच लागते. तेव्हा आजच टोकन लावून `Valid to` समोरची तारीख पाहावी आणि ती दुकानाच्या कॅलेंडरवर एक महिना आधी लिहून ठेवावी.