पंखा गुणगुणतो, पण फिरत नाही? आधी कंडेन्सर बघा

मैत्रिणींनो, वळसंगचा उन्हाळा आपल्याला काही नवा नाही. दुपारी पत्र्याच्या खोलीत पंख्याशिवाय बसवत नाही. आणि नेमका त्याच वेळी पंखा रुसतो. बटण दाबलं की नुसता गुणगुण आवाज येतो, पाती जागची हलत नाहीत. मग कुणीतरी झाडूच्या दांड्यानं ढकलायचं, तेव्हा कुठं तो हळूहळू फिरायला लागतो.

गटातल्या एका ताईंच्या घरी असंच झालं. त्या पंख्याखाली शिलाईकाम करतात. पंखा आधी दोन-तीन महिने मंद झाला, मग ढकलल्याशिवाय सुरू होईना. दुरुस्तीवाल्यानं न उघडताच सांगितलं, "कॉइल जळाली, नवीन भरावी लागेल." खर्च ऐकून ताई थांबल्या, ते बरं झालं. कारण दोष निघाला कंडेन्सरचा, आणि साधा कंडेन्सर बहुतेक दुकानांत शंभर रुपयांच्या आत मिळतो. त्यांनी काय काय तपासलं, ते क्रमानं बघू.

कंडेन्सर करतो काय?

पंख्याच्या मोटरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, एक रनिंग आणि एक स्टार्टिंग. आपल्या घरच्या सिंगल फेज विजेवर एकटं रनिंग वेटोळं पंख्याला जागचा हलवू शकत नाही. ते फक्त गुणगुणतं. कोणत्या दिशेनं फिरायचं, हा धक्का स्टार्टिंग वेटोळं देतं आणि त्याला वीज कंडेन्सरमधून मिळते. म्हणून कंडेन्सर अशक्त झाला की धक्का कमी पडतो. पंखा सुरू झाल्यावरही कंडेन्सरचं काम चालूच असतं, त्यामुळं वेगही उतरतो.

तो अशक्त का होतो? त्याच्या आत प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा मुलामा असतो. वीज अचानक जास्त आली की मुलाम्याचा एखादा ठिपका जळतो. कंडेन्सर लगेच बंद पडत नाही, पण असे ठिपके वाढत जातात तशी त्याची ताकद घटते. छताजवळची उष्णता यात भर घालते. म्हणून पंखा एका दिवसात बंद पडत नाही, आधी महिनोन्‌महिने मंदावतो.

उघडण्याआधी तपासा

पहिलं, सगळे पंखे मंद आहेत का? संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की घरातले सगळेच पंखे मंदावतात. तसं असेल तर कंडेन्सरचा दोष नाही. ताईंचा दुसऱ्या खोलीतला पंखा त्याच वेळी नीट चालत होता.

दुसरं, रेग्युलेटर पूर्ण पाचवर ठेवा. पाचवर पंखा नीट फिरतो आणि एक ते चारवरच अडखळतो, तर रेग्युलेटर बघावा लागेल.

तिसरं, मेन स्विच बंद करून पाती हातानं फिरवा. सोडल्यावर ती काही फेरे सहज फिरली पाहिजेत. जड लागली किंवा घरघर आवाज आला तर बेअरिंग गेलं आहे.

चौथी खूण सगळ्यात पक्की. पंखा चालू करून, जमिनीवर उभं राहून, कोरड्या लाकडी दांड्यानं पातं हळूच ढकला आणि दांडा लगेच बाजूला घ्या. हात कधीच वर न्यायचा नाही. मग पंखा बंद करून, थांबल्यावर, उलट दिशेनं ढकलून बघा. ढकलू त्या दिशेनं पंखा फिरत राहिला, तर स्टार्टिंग वेटोळ्याला वीज पोचत नाही, हे नक्की. ताईंचा पंखा दोन्हीकडं फिरला. अशा वेळी पहिला संशय कंडेन्सरवर.

रिमोटवर चालणाऱ्या कमी विजेच्या बीएलडीसी पंख्यात असा कंडेन्सर नसतो. तो उघडू नका.

नवा आणताना

जुना कंडेन्सर काढून त्यावरचे आकडे वाचा. बऱ्याच पंख्यांवर असं लिहिलेलं असतं: 2.5 µF 440 V AC. पहिला आकडा मायक्रोफॅरडचा. तो जुन्याइतकाच हवा. "मोठा टाका, पंखा जोरात पळेल" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मोठ्या कंडेन्सरनं स्टार्टिंग वेटोळ्यात जास्त वीज जाते, मोटर तापते आणि मग खरंच कॉइल जळते. व्होल्टचा आकडा मात्र ४४० पेक्षा कमी चालत नाही. घरची वीज २३० असली तरी कंडेन्सरवर त्याहून जास्त व्होल्ट येतात.

दुकानात मीटर असेल तर जुना मोजून घ्या. २.५ चा चांगला कंडेन्सर साधारण २.४ ते २.६ दाखवतो. ताईंचा ०.४ दाखवत होता. बाहेरून मात्र तो अगदी नव्यासारखा होता, फुगला नव्हता की काळा पडला नव्हता.

बदलायचा कसा?

मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. नुसत्या भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका. वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही पंख्यात वीज असते. टेस्टर आधी चालू बोर्डावर लावून तो पेटतो का बघा, मग मेन बंद करून पंख्याच्या तारांना लावा. पक्क्या टेबलावर किंवा शिडीवर चढा आणि खाली एकजण धरायला असू द्या.

मोटरच्या वर, रॉडला जी वाटी असते तिचा स्क्रू सैल करून ती वर सरकवा. बहुतेक पंख्यांत कंडेन्सर तिथंच असतो. तारांना हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असू शकते. तो झटका लहान असला तरी शिडीवरून पडायला पुरेसा आहे. म्हणून प्लॅस्टिक मुठीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या दोन्ही जोडांना एकदम टेकवा.

आता जुन्याची एक तार काढा, तिथं नव्याची एक तार घट्ट बसवा. मग दुसरी. एकेक बदललं की चूक होत नाही. कंडेन्सरच्या दोन तारांत उलट-सुलट नसतं, पण जोडायच्या जागा त्याच दोन हव्यात. जोड ओढून बघा, तार उघडी दिसत नाही ना ते पाहा, वाटी खाली घ्या आणि स्क्रू कसा.

मेन चालू केल्यावर पंखा आपोआप, लगेच फिरला पाहिजे. खालून पाहिलं तर बहुतेक पंखे घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतात. तो उलटा फिरला आणि वारा खाली येत नसेल, तर तारांची जागा बदलली आहे. फोटो बघून नीट करा.

नवा कंडेन्सर टाकूनही तीच गुणगुण राहिली, करपल्याचा वास आला किंवा मोटर चटकन तापली, तर पंखा बंद ठेवा. तेव्हा दोष वेटोळ्यात असतो आणि ते काम वायरमनचंच.

ताईंनी नव्या कंडेन्सरवर पेनानं महिना आणि वर्ष लिहून ठेवलं आहे. पंखा पुन्हा मंदावला, तर तो किती दिवस टिकला हे विचारायला कुणाकडं जावं लागणार नाही. तुम्हीही लिहून ठेवा.