वीस रुपयांची बाटली आणि पंधरा वर्षांचे मूल



वरठीत भंडारा रोड स्टेशनसमोर, पानठेल्यावर, शाळेच्या वाटेवरच्या किराणा दुकानात एक छोटी रंगीत बाटली मिळते. तिच्यावर विजेचे किंवा जनावराचे चित्र असते. २५० मिलीच्या अशा बाटल्या २० रुपयांपर्यंतही मिळतात. पोरं तिला 'एनर्जी' म्हणतात. परीक्षेच्या रात्री जागायला, भरतीच्या सरावात धावायला, क्रिकेटच्या आधी ती घेतली जाते. घरच्यांना वाटते, कोल्ड्रिंकच तर आहे. म्हणून आज या एकाच बाटलीचा हिशोब करू. वही-पेन घेऊन बसलात तर अधिक बरे.

बाटली उलटी करा

समोरचे चित्र सोडा आणि मागचे बारीक अक्षर बघा. तिथे दोन गोष्टी शोधायच्या, कॅफिन आणि साखर. दोन्ही आकडे बहुतेक १०० मिलीला किती असे दिलेले असतात. फसगत इथेच होते. बाटली १०० मिलीची नसते, २५० मिलीची असते, आणि पोरगा ती पूर्ण पितो. म्हणून लिहिलेला आकडा अडीचने गुणायचा.

आपल्या देशातील अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे एका लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असलेले पेय हे 'कॅफिनयुक्त पेय' ठरते. अशा बाटलीवर 'हाय कॅफिन' असे छापावे लागते. शिवाय लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता आणि कॅफिन न सोसणाऱ्या व्यक्ती यांच्यासाठी हे पेय योग्य नाही, आणि दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त घेऊ नये, असा इशाराही द्यावा लागतो. इशारा असतो, पण तो बारीक अक्षरात आणि बहुधा इंग्रजीत असतो. घरात कुणी इंग्रजी वाचणारे असेल तर तो मोठ्याने वाचून घ्या. वाचणारा तोच मुलगा असेल तर आणखी चांगले.

वजनाप्रमाणे हिशोब

कॅफिन हे औषधासारखे वजनावर मोजायचे असते. मुलांसाठी आणि किशोरांसाठी युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये दिवसाला दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना त्याहून कडक आहे. मुलांच्या आणि किशोरांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागाच नाही, असे तिने २०११ मध्ये सांगितले.

समजा, दहावीतला एक मुलगा आहे आणि त्याचे वजन ४२ किलो आहे. ४२ गुणिले ३ म्हणजे १२६ मिलिग्रॅम. ही त्याची पूर्ण दिवसाची वरची हद्द झाली. बाटलीवर १०० मिलीला २९ मिलिग्रॅम कॅफिन लिहिले असेल, तर २५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ७२ मिलिग्रॅम भरते. दोन बाटल्या घेतल्या तर १४५. दुसऱ्याच बाटलीत हद्द ओलांडली. आणि सकाळ-संध्याकाळचा चहा तर अजून मोजलाच नाही. आपल्याकडच्या छोट्या कपातल्या चहात साधारण २० ते ३० मिलिग्रॅम कॅफिन असते.

आता इशाऱ्यातला ५०० मिलीचा आकडा पुन्हा बघा. ५०० मिली म्हणजे याच दोन बाटल्या. मोठ्या माणसाला ते चालून जाईल, पण ४२ किलोच्या पोराला नाही. मुलांसाठी हे पेय नाही असे वेगळे छापावे लागते, ते यासाठीच.

तुम्ही विचाराल, चहातही कॅफिन आहे, मग चहा चालतो आणि हे का नाही? चहा गरम असतो, कप छोटा असतो, घोट घोट घ्यावा लागतो. बाटली थंड आणि गोड असते, दोन मिनिटांत रिकामी होते. तीन कप चहाचे कॅफिन एकदम पोटात जाते. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगते. धडधाकट मुलाने कधीतरी एक बाटली प्यायली म्हणून घाबरून जाऊ नका. चिंता आहे ती रोजच्या सवयीची, एका वेळी दोन-तीन बाटल्यांची, आणि आधीच आजार असलेल्या मुलांची.

जागरण उसने असते

दिवसभर मेंदू काम करतो तसतसे अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते मेंदूला 'आता झोप' असा निरोप देते. कॅफिन त्या निरोपाची जागा अडवून बसते. थकवा तिथेच असतो, फक्त तो जाणवत नाही. बाटलीने शक्ती दिली असे वाटते, प्रत्यक्षात तिने थकव्याची सूचना बंद केलेली असते.

शरीरातले कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. आपल्या मुलाने रात्री ९ वाजता दोन बाटल्या घेतल्या, १४५ मिलिग्रॅम. रात्री २ वाजता त्यातले सुमारे ७२ उरतात, म्हणजे अख्खी एक बाटली अजून अंगात आहे. सकाळी ७ ला ३६ उरतात, म्हणजे एका चहाहून जास्त. अभ्यास संपवून तो २ वाजता आडवा पडला तरी गाढ झोप लागत नाही. वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेतच. म्हणजे जागून वाचले, पण साठवायची वेळच दिली नाही. दुसऱ्या दिवशी डोके जड, म्हणून पुन्हा बाटली. चार-पाच दिवसांत ही साखळी तयार होते.

सवय लागली आहे हे असे ओळखा. बाटली न मिळालेल्या दिवशी डोके दुखते, चिडचिड होते, आळस येतो. हा त्रास शेवटच्या बाटलीनंतर १२ ते २४ तासांत सुरू होतो आणि बहुतेकांचा आठवड्याभरात जातो. रोज दोन पिणाऱ्याला एकदम बंद करायला लावू नका. आधी एकावर आणा, तीन-चार दिवसांनी अर्धीवर, मग बंद. दुपारनंतर तर एकही घोट नको.

साखरेचा हिशोब

एनर्जी ड्रिंकमध्ये साखर कंपनीप्रमाणे कमी-जास्त असते. काहींत गोडीसाठी दुसरी द्रव्येही टाकतात, म्हणून लेबल वाचायलाच हवे. साध्या कोलात मात्र १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. ६०० मिलीची बाटली घेतली तर सुमारे ६३ ग्रॅम. लहान चमच्यात ४ ग्रॅम साखर धरली तर हे जवळपास १६ चमचे झाले. एका पेला पाण्यात १६ चमचे साखर घालून कुणी दिली तर आपण तोंडाला लावणार नाही. गॅस, आंबटपणा आणि थंडावा यामुळे ती गोडी झाकली जाते, म्हणून ती पिता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. एका बाटलीत अडीच दिवसांची साखर गेली. प्यायलेल्या साखरेने पोट भरत नाही, त्यामुळे जेवण तेवढेच होते आणि ही साखर वरची पडते. वर्षानुवर्षे असे चालले तर वजन वाढते, पोटाचा घेर वाढतो आणि मधुमेहाचा धोका वाढतो. दातांवर दुहेरी मार बसतो. पेयातले आम्ल दाताचे वरचे कवच मऊ करते आणि साखरेवर किडीचे जंतू पोसतात.

तहान, धाव आणि सिकलसेल

पूर्व विदर्भात आणि आपल्या समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे, म्हणून हा भाग नीट वाचा. अंगातले पाणी कमी झाले, ऊन लागले, अतिश्रम झाले की सिकलसेलच्या मुलाच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात भयंकर दुखते. अशा मुलाला उन्हात साधे पाणी भरपूर लागते. पाण्याच्या जागी ही बाटली गेली तर पाणी कमी पडते. त्यावर कॅफिनने थकवा झाकला की 'थांब' हे शरीराचे सांगणे त्याला ऐकूच येत नाही. 'एसएस' मुलाला हे पेय देऊच नका. 'एएस' म्हणजे वाहक मुले एरवी ठणठणीत असतात, पण कडक उन्हात १६०० मीटरचा सराव करताना त्यांनीही आधी, मध्ये आणि नंतर पाणी प्यावे आणि थकले की थांबावे.

मूल सतत थकलेले राहते म्हणून बाटली घेते, असे दिसले तर थकव्याचे कारण शोधा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची सोल्युबिलिटी तपासणी करून घ्या. ही प्राथमिक तपासणी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासणीतून एएस की एसएस ते कळते. मुलींमध्ये पाळीमुळे रक्त कमी असणे हे थकव्याचे नेहमीचे कारण आहे. त्यावर लोहाच्या गोळ्या लागतात, कॅफिन नव्हे.

जुलाब-उलटीतही कोल्ड्रिंक देऊ नका. एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असते आणि मीठ मोजून असते. एक लिटर कोलात शंभर ग्रॅमच्या वर साखर असते आणि मीठ नावापुरते. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

दवाखाना कधी गाठायचा

हात थरथरणे, छातीत धडधड, पोटात जळजळ, झोप न येणे ही कॅफिन जास्त झाल्याची खूण आहे. पेय बंद करा, पाणी द्या, शांत बसवा. पण छातीत दुखणे, ठोके अनियमित होणे, चक्कर येऊन पडणे, सारखी उलटी किंवा झटका यांपैकी काही दिसले तर घरी वाट बघू नका, १०८ ला फोन करा. बाटली सोबत न्या म्हणजे डॉक्टरांना काय आणि किती घेतले ते कळेल. हृदयाचा आजार किंवा फिट येणाऱ्या मुलांना हे पेय अजिबात नको. दम्याच्या काही गोळ्यांत थिओफायलिन असते. ते कॅफिनच्याच जातीचे असल्याने दोन्ही मिळून धडधड वाढवतात.

शाळेचा परिसर

जुलै २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितले की, शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेये विकण्यावर बंदीचा आदेश काढू. घोषणेने फळीवरची बाटली आपोआप खाली उतरत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि दुकानदाराला बाटलीवरचा इशारा वाचून दाखवावा. तो आपल्याच वस्तीतला आहे, भांडायची गरज नाही. आणि १४ एप्रिलच्या उन्हात मिरवणुकीच्या वाटेवर आपण स्टॉल लावतो तेव्हा तिथे माठाचे पाणी, ताक आणि मीठ-लिंबाचे पाणी ठेवा. घामाने गेलेले पाणी आणि मीठ तेच भरून काढते.