जुनी चूक चारचौघांत निघते तेव्हा



गेले काही गुरुवार आपण गीतेच्या १७व्या अध्यायातलं वाणीचं तप वाचतो आहोत. १५व्या श्लोकात बोलण्याच्या चार कसोट्या एकत्र येतात: ऐकणाऱ्याला बोचू नये, खरं असावं, गोड असावं आणि हिताचं असावं. वाचताना सोपं वाटतं. पण खरं असूनही बोचणारं बोलणं आपल्याच जिवाभावाच्या मित्राकडून आलं, तर त्याला थांबवायचं कसं? तेही त्याचा मान राखून, आणि आपलं सांगणंही याच चार कसोट्यांत बसवून. या वेळी तेवढंच पाहू.

इंदूरकडच्या दोन गुरुबंधूंची गोष्ट आहे. दोघांनाही विचारून, ओळख पटेल अशा खुणा बदलून लिहितो आहोत. नाहीतर आपणच ती गोष्ट सगळ्या ग्रुपवर नेल्यासारखं व्हायचं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी दत्तजयंतीच्या भंडाऱ्याची वर्गणी यांतल्या एकाकडे ठेवलेली होती. वडील दवाखान्यात होते, हात तंग होता, आणि त्यांनी त्यातले सात हजार रुपये कोणाला न सांगता वापरले. आचाऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची वेळ आली तेव्हा ते उघड झालं. दुसऱ्या मित्राने त्या रात्री स्वतःच्या खिशातून पैसे घालून वेळ निभावली. पहिल्याने तीन महिन्यांत पै न पै परत केली आणि बैठकीत सगळ्यांची माफीही मागितली. विषय संपला.

पण मित्राच्या तोंडी तो राहिला. कुठे वर्गणी, भिशी, सहलीचे पैसे असा विषय निघाला की हा हसत म्हणायचा, "याच्याजवळ देऊ नका रे, आमची दत्तजयंती अजून आठवते!" जुनी मंडळी हसायची, तोही हसायचा. यंदा गणपतीत महाप्रसादाला मुलाच्या सासरची माणसं आली होती, नवी सून वाढत होती, आणि हेच वाक्य पुन्हा आलं. व्याह्यांनी विचारलं, "म्हणजे काय झालं होतं?" त्या दिवसानंतर हे गृहस्थ तीन गुरुवार सत्संगाला आले नाहीत. घरी सांगितलं की गुडघा दुखतो.

मित्राच्या मनात खोट नव्हती, हे आधी धरून चालू. ज्याने त्या रात्री पैसे घातले त्याला वाटतं, ही गोष्ट आमच्या दोघांची आहे आणि ती चेष्टेत काढण्याइतका माझा हक्क आहे. शिवाय समोरचा दर वेळी हसतो, म्हणजे त्याला चालतंय. इतकी वर्षं हसून घेतल्यामुळे त्याला कळायला मार्गच राहिला नाही. म्हणून सांगायलाच हवं.

त्याच क्षणी, पंगतीत, काही बोलू नये. तिथे रागावलं तर चेष्टेची गंभीर गोष्ट होते आणि ज्यांना माहीत नव्हतं तेही कान टवकारतात. "ती जुनी गोष्ट हो, कधीतरी सांगेन," एवढं म्हणून ताट पुढे करावं. मग दोन-चार दिवसांत भेटावं, मन निवलं की, पण विषय शिळा होण्याआधी. भेट दोघांचीच असावी, वहिनीही समोर नकोत. बायकोसमोर ऐकावं लागलं तर तोही आपल्यासारखाच चारचौघांत सापडतो. व्हॉट्सॲपवर लिहून पाठवू नये. लिहिलेल्या शब्दांना आवाज नसतो, आणि असा मेसेज पुढे जायला वेळ लागत नाही. मित्र बडोद्याला किंवा बेळगावला असेल तर फोन करावा.

आमच्या गुरुबंधूंनी सकाळी फिरायला जाताना मित्राला सोबत घेतलं आणि पोह्यांच्या गाडीवर थांबल्यावर विषय काढला. ते म्हणाले ते जवळजवळ असं:

"अरे, एक सांगायचंय. त्या दत्तजयंतीला तू उभा राहिलास म्हणून माझी अब्रू वाचली, ते मी विसरलो नाही. चूक माझीच होती. पण परवा व्याह्यांसमोर ती गोष्ट निघाली तेव्हा मला घास गिळवेना. आपण दोघंच असू तेव्हा काय हवं ते बोल, पण बाहेरच्यांसमोर आणि मुलांसमोर ती काढू नकोस. एवढं माझ्यासाठी कर."

यात त्यांनी चूक नाकारली नाही, म्हणून खरं टिकलं. "तू नेहमीच असं करतोस" म्हटलं नाही, एकाच दिवसाचं सांगितलं. मागणीही एकच, आणि कुठे बोलू नये ते स्पष्ट. मग ते गप्प बसले. हे गप्प बसणं अवघड असतं. आपण घाबरून लांबण लावतो आणि त्यात मित्राच्याही दोन जुन्या चुका निघतात. तिथे विनंतीचं भांडण होतं. आणखी एक, "महाराजांनी असं बोलू नये सांगितलंय" हे वाक्य अशा वेळी वापरू नये. गुरूंचं नाव मधे आणलं की मित्राला फक्त मान खाली घालता येते, मन मोकळं करता येत नाही.

मित्र आधी म्हणाला, "अरे, गंमत केली रे, एवढं काय मनावर घेतोस!" बहुतेक जण हेच म्हणतात. यावर वाद घालू नये. आमच्या गुरुबंधूंनी म्हटलं, "गंमतच होती, ठाऊक आहे. तरी मला लागलं." मित्र जरा वेळ चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, "मग इतकी वर्षं हसत का होतास?" त्याचा प्रश्न रास्त होता, आणि तो मान्य केल्यावरच दोघं मोकळे झाले.

सवय मात्र एका दिवसात जात नाही. पुढे एकदा भिशीच्या गप्पांत वाक्य अर्धं बाहेर आलंच. अशा वेळी "तो विषय आपण सोडला ना?" एवढंच, हसऱ्या चेहऱ्याने. पुन्हा पुन्हा तसंच होत राहिलं तर त्याच्यासोबत बाहेरच्यांत बसणं काही दिवस कमी करावं, आणि का ते त्याला सांगावं. न सांगता अंतर ठेवलं तर त्याला कारणच कळणार नाही.

या विनंतीला एक मर्यादाही आहे. चारचौघांत चेष्टा करू नकोस, हे मागता येतं. माझ्यासाठी लपव किंवा खोटं बोल, हे मागता येत नाही. उद्या केंद्राचा हिशेब पुन्हा यांच्याकडे द्यायचा ठरला आणि जबाबदार मंडळींनी मित्राला सरळ विचारलं, तर त्याने खरं सांगावं, पैसे परत केल्याचंही सांगावं. आणि घरच्यांना कळायला हवं असेल तर ते आपणच सांगितलेलं बरं. या गुरुबंधूंनी एका संध्याकाळी मुलाला आणि सुनेला बसवून सगळं सांगितलं. सुनेने विचारलं, "आजोबा तेव्हा बरे झाले का, बाबा?" दवाखान्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

या आठवड्यात घरच्या बैठकीत एवढं करा: आपण कोणाची जुनी गोष्ट हसण्यावारी काढतो, ते प्रत्येकाने मनातल्या मनात आठवावं. नाव मोठ्याने घेऊ नये. पुढच्या गुरुवारी १६वा श्लोक, मनाचं तप.