प्रवेश अर्जातील टिक आणि एक्सेलमधील ओळ

जूनमध्ये भरलेले प्रवेश अर्ज आपण स्कॅन करून ठेवतो. पण पोर्टलला माहिती भरायची तर ती एक्सेलमध्ये हवी: एक अर्ज म्हणजे एक ओळ, एक प्रश्न म्हणजे एक रकाना.

आधी टिकचं बघू. चौकटीत टिक आहे की नाही हे ओएमआर प्रोग्रॅम शाईवरून ठरवतो. 300 डीपीआयवर स्कॅन केलं तर 5 मिलिमीटरची चौकट साधारण 59 पिक्सेल रुंद येते. छापील रेघ मोजली जाऊ नये म्हणून कडेचे 8 पिक्सेल सोडायचे. उरलेल्या भागात बॉलपेनची ठसठशीत टिक असेल तर वीस-पंचवीस टक्के पिक्सेल काळे निघतात, रिकाम्या चौकटीत धुळीमुळे एक-दोन टक्के. मधले आकडे संशयाचे. कागद तिरका गेला तर छापील रेघच शाई म्हणून मोजली जाते, म्हणून फॉर्मच्या चार कोपऱ्यांत काळे चौकोन छापा. त्यावरून प्रोग्रॅम पान सरळ करतो.

समजा प्रवर्गाच्या चार चौकटींचे टक्के D ते G रकान्यांत आहेत, वरच्या ओळीत प्रवर्गांची नावं आहेत. मग H2 मध्ये हे लिहा:

```
=IF(AND(COUNTIF(D2:G2,">5")=1,MAX(D2:G2)>15),INDEX($D$1:$G$1,MATCH(MAX(D2:G2),D2:G2,0)),"तपासा")
```

एका अर्जात 1, 24, 2, 1 आलं तर दुसऱ्या चौकटीचं नाव मिळेल. पालकांनी आधी चुकीची टिक करून ती खोडली आणि दुसरी केली, तर 38, 22, 1, 2 असं येतं. खोडलेल्या चौकटीत शाई उलट जास्तच! नुसता सर्वात मोठा आकडा घेतला असता तर नेमका चुकीचा प्रवर्ग लागला असता, आणि पुढे शिष्यवृत्ती अडली असती. इथे "तपासा" येतं, मग तो अर्ज आपण डोळ्यांनी बघायचा. कोरा राहिलेलाही "तपासा"मध्येच येतो. तिथे अंदाजाने "खुला" भरू नका, पालकांना फोन करा. 5 आणि 15 हे आकडे मात्र आपल्या पंधरा-वीस अर्जांवर तपासूनच पक्के करा.

दुसरा घोटाळा सरल आयडीचा. हा 19 अंकी असतो: 4 अंक वर्षाचे, 11 अंक शाळेच्या यु-डायसचे (आपल्या जिल्ह्याचा 2719 ने सुरू होतो), शेवटचे 4 अंक मुलाचे. एक्सेल संख्येचे पहिले 15 अंकच जपतं, पुढे शून्य लावतं. 4 आणि 11 मिळून बरोबर 15! म्हणजे शाळा आणि वर्ष राहतं, मूल तेवढं पुसलं जातं. एकाच वर्षी दाखल झालेल्या सगळ्यांचा आयडी सारखाच दिसतो.

म्हणून CSV फाइलवर डबल क्लिक करून ती उघडू नका. Data मधून From Text/CSV घ्या आणि त्या रकान्याला Text प्रकार द्या. आयडीच्या शेवटी 0000 दिसू लागले की समजायचं, अंक गेले. नंतर Text केलं तरी ते परत येत नाहीत, स्कॅन बघून पुन्हा टाईप करावे लागतात. म्हणून प्रत्येक ओळीत पहिला रकाना अर्ज क्रमांकाचा ठेवा, आणि स्कॅनच्या फाइललाही तोच क्रमांक द्या.