चालीच्या तक्त्यावरून अंतर : डावी, उजवी आणि मध्य बेरीज

चाल स्थिर असेल तर चाल गुणिले वेळ म्हणजे कापलेले अंतर, हे शाळेत शिकवले जाते. पण स्थानकातून सुटणाऱ्या गाडीची चाल क्षणोक्षणी बदलते. आपल्या हाती असतात त्या केवळ ठरावीक क्षणांच्या नोंदी. दोन नोंदींच्या दरम्यान काय घडले, ते तक्ता सांगत नाही. तेवढ्यावरून अंतराचा अंदाज कसा करावा आणि त्यावर कितपत विसंबावे, हे येथे पाहू.

समजा, एक मेमू गाडी सुटली आणि दर १० सेकंदांनी तिची चाल नोंदवली. चालमापक ताशी किलोमीटर दाखवतो आणि वेळ सेकंदांत आहे. म्हणून गुणाकारापूर्वी प्रत्येक आकड्याला ३.६ ने भागून चाल मीटर प्रति सेकंद या एककात आणली आहे.

| वेळ (सेकंद) | ० | १० | २० | ३० | ४० | ५० | ६० |
|---|---|---|---|---|---|---|---|
| चाल (मी./से.) | ० | ६ | ११ | १५ | १८ | २० | २१ |

येथे १० सेकंदांचे सहा टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यात गाडी टप्प्याच्या आरंभीच्या चालीनेच धावली असे मानले, तर डावी बेरीज मिळते :

१० × (० + ६ + ११ + १५ + १८ + २०) = ७०० मीटर.

टप्प्याच्या शेवटची चाल घेतली, तर उजवी बेरीज मिळते :

१० × (६ + ११ + १५ + १८ + २० + २१) = ९१० मीटर.

चाल सतत वाढत असेल, तर डावी बेरीज खऱ्या अंतराहून कमी आणि उजवी जास्त येते. म्हणजे खरे अंतर ७०० व ९१० मीटरांच्या मध्ये आहे. दोहोंतील फरक २१० मीटर. मधल्या नोंदी दोन्ही बेरजांत सारख्याच असल्यामुळे हा फरक फक्त पहिल्या व शेवटच्या नोंदीवर ठरतो : १० × (२१ − ०). दर ५ सेकंदांनी नोंदी घेतल्या असत्या, तर तो निम्मा, म्हणजे १०५ मीटर झाला असता.

मध्य बेरजेसाठी टप्प्याच्या मधल्या क्षणाची चाल लागते. आपल्या टप्प्यांच्या मधल्या, म्हणजे ५ व्या, १५ व्या सेकंदाच्या नोंदी तक्त्यात नाहीत. विद्यार्थी येथे शेजारच्या दोन नोंदींची सरासरी घेतात; पण तसे केल्याने ७०० व ९१० यांची सरासरी, ८०५, एवढेच हाती येते. ती मध्य बेरीज नव्हे. खरी मध्य बेरीज हवी असेल, तर २० सेकंदांचे तीन टप्पे करावे. त्यांचे मध्य १०, ३० आणि ५० व्या सेकंदाला येतात आणि त्यांच्या नोंदी आपल्याकडे आहेत :

२० × (६ + १५ + २०) = ८२० मीटर.

आता चालीतील वाढ पाहा : ६, ५, ४, ३, २, १. चाल वाढते आहे, पण वाढ मंदावते आहे. पहिल्या २० सेकंदांत टोकांची सरासरी ५.५ येते, तर मध्याची प्रत्यक्ष नोंद ६ आहे. म्हणून सरासरीचा अंदाज कमी पडतो. उलट, त्या ६ च्या मानाने टप्प्याच्या आरंभी चाल ६ ने कमी आहे, शेवटी मात्र ५ नेच जास्त. म्हणून मध्य बेरीज किंचित अधिक येते. वाढ नोंदींच्या दरम्यानही अशीच मंदावत असेल, तर खरे अंतर ८०५ व ८२० मीटरांच्या मध्ये सापडते. २१० मीटरांची अनिश्चितता १५ मीटरांवर आली, आणि तीही एकही नवी नोंद न घेता.

हे सारे चाल सतत वाढत असण्यावर अवलंबून आहे. गाडी पुढच्या स्थानकात थांबली तर काय होते? समजा, दर २० सेकंदांच्या नोंदी अशा आहेत : ०, १०, १६, १२, ०. डावी बेरीज २० × (० + १० + १६ + १२) = ७६० मीटर. उजवी बेरीजही ७६० मीटरच. दोन्ही उत्तरे जुळली म्हणून अंतर अचूक मिळाले असे वाटते. पण ती जुळली ती पहिली आणि शेवटची नोंद दोन्ही शून्य आहेत म्हणून.

अशा वेळी तक्ता चाल वाढते तेथून घटू लागते त्या ठिकाणी तोडावा. चाल ४० व्या सेकंदापर्यंत वाढली आणि मग घटली असे धरू. चढत्या भागात डावी बेरीज २०० व उजवी ५२० मीटर येते. उतरत्या भागात उलट होते : डावी ५६०, उजवी २४०. लहान बेरजा एकत्र केल्या तर ४४०, मोठ्या केल्या तर १०८० मीटर. म्हणजे ७६० च्या मागे ६४० मीटरांची अनिश्चितता लपलेली होती. आणि चाल ४० व्या सेकंदाच्या थोडी आधी वा नंतर १६ च्या वर गेली असेल, तर १०८० ही मर्यादाही पक्की राहत नाही.

शेवटी एक शब्दभेद. भौतिकशास्त्राच्या मराठी परिभाषेत ‘चाल’ आणि ‘वेग’ वेगळे आहेत. वेगाला दिशा असते. चालीच्या बेरजेतून कापलेले एकूण अंतर मिळते. गाडी त्याच रुळावरून मागे आली आणि तक्ता चिन्हासह वेगाचा असला, तर याच बेरजा अंतर न देता विस्थापन देतात. म्हणून बेरीज करण्यापूर्वी तक्त्याच्या मथळ्यात कोणता शब्द आहे, ते पाहावे.