अपुऱ्या वहीवरून नफातोटा पत्रक व ताळेबंद

शेतीस जोडधंदा म्हणून गावात दुकान चालविणारे अनेक बंधू रोख आवकजावक तेवढी टिपून ठेवतात. उधारीची यादी निराळ्या वहीत असते आणि घरखर्चासाठी गल्ल्यातून काढलेली रक्कम बहुधा कोठेच लिहिलेली नसते. या एकेरी नोंदीवरून वर्षाचा नफा थेट समजत नाही. परंतु वर्षाच्या दोन्ही टोकांची स्थिती निश्चित करता आली, तर मधले दुवे हिशेबाने शोधून काढता येतात. किराणा व शेतीची अवजारे विकणाऱ्या एका दुकानाचे कल्पित उदाहरण पुढे दिले आहे. वर्ष १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ हे धरले आहे.

आरंभीचे भांडवल

प्रथम १ एप्रिल रोजीची स्थिती मांडावी. रोख व बँकेतील शिल्लक २०,००० रुपये, माल ९०,०००, गिऱ्हाइकांकडील येणे ४०,००० आणि काटा, कपाटे इत्यादी २०,००० अशी एकूण मालमत्ता १,७०,००० रुपयांची होती. घाऊक व्यापाऱ्यांचे देणे ५०,००० होते. ते वजा जाता मालकाचे भांडवल १,२०,००० रुपये ठरते.

गाळलेले आकडे शोधणे

रोख वहीत रोख विक्री ३,६०,००० व उधारीची वसुली १,९०,००० जमा आहे. आरंभीची शिल्लक मिळविता बेरीज ५,७०,००० होते. खर्चाच्या बाजूस घाऊक व्यापाऱ्यांस ४,३०,०००, भाडे २२,०००, नोकराचा पगार ३६,००० व माल आणण्याची हमाली १०,००० मिळून ४,९८,००० लिहिले आहेत. म्हणजे ७२,००० शिल्लक हवेत; प्रत्यक्षात गल्ला व बँक मिळून २४,००० भरले. उरलेले ४८,००० घरखर्चास उचलले, असे मालकास विचारून खात्री करून घ्यावी. न विचारता ही रक्कम उचल धरल्यास गल्ल्यातील चोरी किंवा न लिहिलेला खर्चही तिच्यात लपून जातो.

उधार विक्री काढण्यासाठी वसुलीत अखेरचे येणे ५५,००० मिळवावे व आरंभीचे ४०,००० वजा करावे. उत्तर २,०५,००० येते. एखादी उधारी वर्षात बुडीत म्हणून सोडून दिली असल्यास तीही येथे मिळवावी लागते. यावरून एकूण विक्री ५,६५,००० झाली. त्याच रीतीने, दिलेले ४,३०,००० अधिक अखेरचे देणे ६५,००० उणे आरंभीचे ५०,००० म्हणजे खरेदी ४,४५,००० होय.

नफातोटा पत्रक

आरंभीचा माल ९०,०००, खरेदी ४,४५,००० व हमाली १०,००० यांची बेरीज ५,४५,००० येते. तीतून घरी नेलेला ५,००० चा माल व वर्षअखेरीस मोजलेला १,०५,००० चा माल वजा करावा. दोन्हींची किंमत खरेदीच्या दराने धरावी, विक्रीच्या दराने नव्हे. विकलेल्या मालाची किंमत ४,३५,००० झाली, म्हणून ढोबळ नफा १,३०,००० होतो.

भाडे दरमहा २,००० असून अकरा महिन्यांचेच दिले आहे. तरी खर्च बारा महिन्यांचा २४,००० धरावयाचा. पगार ३६,००० व काटा-कपाटांवरील दहा टक्के घसारा २,००० मिळून खर्च ६२,००० होतो. निव्वळ नफा ६८,००० रुपये राहतो.

ताळेबंद : ३१ मार्च २०२५

| देणे व भांडवल | रुपये | मालमत्ता | रुपये |
|---|---|---|---|
| आरंभीचे भांडवल | १,२०,००० | रोख व बँक | २४,००० |
| अधिक नफा | ६८,००० | माल | १,०५,००० |
| उणे उचल (रोख व माल) | ५३,००० | येणे | ५५,००० |
| अखेरचे भांडवल | १,३५,००० | काटा, कपाटे | १८,००० |
| घाऊक व्यापाऱ्यांचे देणे | ६५,००० | | |
| थकलेले भाडे | २,००० | | |
| एकूण | २,०२,००० | एकूण | २,०२,००० |

ताळा जुळला तरी

दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे सर्व बरोबर, असे मात्र समजू नये. ६,००० रुपयांची एखादी उधारी यादीत लिहावयाची राहिली, तर येणे आणि विक्री ही दोन्ही तेवढ्याच रकमेने कमी होतात व ताळा पूर्ववत जुळतो. याची परीक्षा बाहेरून करावी लागते. हा दुकानदार खरेदीवर रुपयामागे सरासरी तीस पैसे चढवितो. तेव्हा ४,३५,००० च्या मालाची विक्री सुमारे ५,६५,५०० व्हावयास हवी; आपल्या हिशेबात ती ५,६५,००० आहे. तफावत हजारोंची निघती, तर हरवलेल्या उधारीच्या चिठ्ठ्या, न लिहिलेली रोख विक्री किंवा मालाची चुकीची मोजणी शोधावी लागली असती.

गल्ला व बँक मिळून वर्षभरात केवळ ४,००० वाढले, म्हणून धंद्यात काही उरले नाही असे या दुकानदारास वाटणे स्वाभाविक आहे. वास्तविक नफा ६८,००० चा असून त्यातील ५३,००० घरात खर्च झाले. उरलेल्या १५,००० सोबत घाऊक व्यापाऱ्यांचे वाढलेले १५,००० देणेही मालात आणि उधारीत अडकले आहे, कारण या दोहोंत प्रत्येकी १५,००० ची वाढ झाली. पुढील खरेदीपूर्वी वसुली करावी, हे त्यास ताळेबंदावरूनच कळते.