घटक ४ : जहाजाला बर्थ का मिळत नाही? – कंटेनर टर्मिनलवरील धक्का, क्रेन आणि यार्ड

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला :
• कंटेनर जहाजातून उतरून बंदराच्या दारापर्यंत कसा पोहोचतो, हे सांगता येईल.
• यार्डातील गर्दीमुळे धक्क्यावरील क्रेनचा वेग कसा मंदावतो, हे स्पष्ट करता येईल.
• काही सेकंदांच्या विलंबातून कित्येक दिवसांची प्रतीक्षा कशी निर्माण होते, याचा हिशोब मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

‘धक्का’ हा शब्द मराठी माणसाला भाऊच्या धक्क्यामुळे परिचित आहे. जहाज जेथे लागते ती काठावरची पक्की बांधणी म्हणजे धक्का, आणि त्या धक्क्यावर एका जहाजापुरती राखलेली जागा म्हणजे बर्थ. उरणजवळच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. आज तेथे वेगवेगळ्या कंपन्यांची कंटेनर टर्मिनले शेजारी शेजारी काम करतात. अशा एखाद्या बंदराबाहेर जहाजे नांगर टाकून उभी असल्याची बातमी वाचली, की धक्का अपुरा असावा किंवा क्रेन कमी असाव्यात, असे आपल्याला वाटते. कधी कधी ते खरेही असते. परंतु पुष्कळदा धक्का तोच असतो, क्रेनही तितक्याच असतात, आणि तरीही रांग वाढत जाते. असे का होते, याचे उत्तर समुद्राकडे पाहून मिळत नाही. ते धक्क्याच्या मागे, यार्डात शोधावे लागते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ धक्क्यावरील क्रेन

धक्क्याच्या काठाने रूळ असतात आणि त्यांवर उंच क्रेन उभ्या असतात. क्रेनची लांब भुजा जहाजावर आडवी पसरते. तिच्यावरून पुढेमागे सरकणाऱ्या ट्रॉलीला ‘स्प्रेडर’ नावाची चौकट टांगलेली असते. ही चौकट कंटेनरच्या चारही कोपऱ्यांत अडकते आणि त्याला उचलून खाली उभ्या असलेल्या ट्रेलरवर ठेवते. एक कंटेनर उतरवणे किंवा चढवणे म्हणजे एक ‘मूव्ह’. ताशी २५ मूव्ह हा सर्वसाधारणपणे चांगला वेग समजला जातो. याचा अर्थ प्रत्येक कंटेनरला २ मिनिटे २४ सेकंद लागतात.

जहाज अडले असेल तर आणखी क्रेन का लावत नाहीत, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. सर्व क्रेन एकाच रुळांवर चालतात, त्यामुळे एक क्रेन दुसरीला ओलांडू शकत नाही. शिवाय दोन क्रेनमध्ये सुरक्षित अंतर ठेवावे लागते. म्हणून जहाजाच्या लांबीचे भाग पाडून प्रत्येक क्रेनला एकेक भाग नेमून दिला जातो. एखाद्या भागात काम जास्त असेल, तर बाकीच्या क्रेनचे काम संपले तरी जहाज त्या एका क्रेनसाठी थांबून राहते. कोणत्या भागात किती कंटेनर असतील, हे बरेचसे आधीच्या बंदरांत झालेल्या भरणीने ठरलेले असते.

४.२.२ यार्डातील थर

क्रेनने उतरवलेला कंटेनर ट्रेलरवरून यार्डात जातो. तेथे रबरी चाकांवर चालणारी दुसऱ्या प्रकारची क्रेन असते. तिला ‘आरटीजी’ म्हणतात. ती कंटेनर एकावर एक रचते. निर्यातीचे कंटेनर रचताना नियोजकाला बरीच माहिती असते. जहाज कोणते, कंटेनर कोणत्या बंदरात उतरणार, त्याचे वजन किती, हे पाहून तो गट पाडतो आणि चढवण्याच्या क्रमाने ते रचता येतात. आयातीच्या कंटेनरचे तसे नसते. कोणत्या मालकाचा ट्रक कोणत्या दिवशी दारात येईल, हे नियोजकाला बहुधा ठाऊक नसते.

यातूनच उपसण्याचे काम निर्माण होते. दोन कंटेनरांच्या थप्पीतील कोणताही एक मागितला, तर त्याच्यावर सरासरी अर्धा कंटेनर असतो. म्हणजे दोनपैकी एका वेळी वरचा बाजूला करावा लागतो. तीनच्या थप्पीत हीच सरासरी एक होते आणि पाचच्या थप्पीत दोन. थप्पी जितकी उंच, तितके एक कंटेनर काढण्यासाठी इतर कंटेनर हलवण्याचे काम अधिक. या हलवाहलवीचे पैसे कोणाकडून मिळत नाहीत, पण आरटीजीचा वेळ मात्र खर्च होतो.

शिवाय बाजूला केलेला कंटेनर ठेवायला जागा लागते. समजा, एका ओळीत शेजारी शेजारी सहा थप्प्या आहेत आणि प्रत्येक थप्पी पाचपर्यंत जाऊ शकते. एकूण जागा ३० झाल्या. परंतु तळाचा कंटेनर काढायचा असेल, तर वरचे चार कोठेतरी ठेवावे लागतील. म्हणून चार जागा मोकळ्या हव्यातच. म्हणजे २६ कंटेनर झाले, की ती ओळ भरली. कागदावर १३ टक्के जागा शिल्लक दिसते, प्रत्यक्षात ती नसते. यार्ड पूर्ण भरण्याच्या बरेच आधी त्याचे काम संथ होऊ लागते, ते यामुळे.

४.२.३ छत्तीस सेकंदांचा हिशोब

आता धक्का आणि यार्ड यांना जोडणारा दुवा पाहू. तो दुवा म्हणजे ट्रेलर. पुढील आकडे समजण्यास सोपे व्हावेत म्हणून कल्पिलेले आहेत.

एका क्रेनला पाच ट्रेलर दिले आहेत. प्रत्येक ट्रेलर यार्डात जाऊन, कंटेनर उतरवून १२ मिनिटांत परत येतो. म्हणजे क्रेनखाली दर २ मिनिटे २४ सेकंदांनी एक रिकामा ट्रेलर हजर होतो आणि ताशी २५ मूव्ह होतात. यार्डात थप्प्या उंच झाल्या. आरटीजी बाहेरून आलेल्या ट्रकसाठी कंटेनर उपसण्यात गुंतली आणि आपला ट्रेलर तिच्यासमोर थांबून राहिला. त्याची फेरी १५ मिनिटांची झाली. आता क्रेनखाली ट्रेलर दर तीन मिनिटांनी येतो. क्रेनमध्ये काहीही बिघाड नाही, चालकही तोच, पण वेग ताशी २० वर आला. प्रत्येक कंटेनरमागे फरक पडला तो केवळ ३६ सेकंदांचा.

एका जहाजावर २,४०० मूव्ह करायच्या आहेत आणि चार क्रेनना सारखे काम आहे, असे समजा. प्रत्येकीच्या वाट्याला ६०० मूव्ह येतात. ताशी २५ च्या वेगाने २४ तास लागतात. जहाज बांधणे आणि सोडणे यांचे तीन तास धरले, तर बर्थ २७ तास अडतो. या बर्थवर दर ३० तासांनी एक जहाज येते. म्हणजे तीन तासांची सवड उरते आणि कोणालाही थांबावे लागत नाही.

वेग ताशी २० झाल्यावर त्याच कामाला ३० तास लागतात आणि बर्थ ३३ तास अडतो. जहाजे मात्र दर ३० तासांनीच येत राहतात. दुसरे जहाज तीन तास थांबते, तिसरे सहा तास, नववे २४ तास आणि सतरावे ४८ तास. पहिल्या जहाजापासून सतराव्यापर्यंत वीस दिवस जातात. वीस दिवसांत कोणताही अपघात झाला नाही, संप झाला नाही, तरी बाहेर दोन दिवसांची प्रतीक्षा उभी राहिली.

याचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. एवढ्यात यार्ड मोकळे झाले आणि वेग पुन्हा ताशी २५ वर आला, तरी रांग लगेच संपत नाही. प्रत्येक जहाजामागे तीनच तास भरून निघतात. ४८ तासांची थकबाकी फिटायला आणखी सोळा जहाजे, म्हणजे पुन्हा जवळजवळ वीस दिवस लागतात. दुखणे बरे झाल्यानंतरही रांग दिसत राहते.

प्रत्यक्षात जहाजे इतक्या समान अंतराने येत नाहीत. आधीच्या बंदरात उशीर झालेली किंवा वादळामुळे अडलेली दोन-तीन जहाजे एकदम येतात, भरती-ओहोटीची वेळही सांभाळावी लागते. त्यामुळे सवड कमी असलेल्या बर्थवर प्रतीक्षा वरील हिशोबापेक्षा लवकर वाढते.

दोष कोठे आहे, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. क्रेनखाली ट्रेलरांची रांग उभी असेल, तर अडचण जहाजावर किंवा क्रेनमध्ये आहे. क्रेन कंटेनर उचलून ट्रेलरची वाट पाहत असेल, तर अडचण यार्डात आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
१) चार कंटेनरांच्या थप्पीतील कोणत्याही एका कंटेनरवर सरासरी किती कंटेनर असतात?
२) ट्रेलरची फेरी १५ मिनिटांची असताना सहा ट्रेलर दिले आणि फेरीचा वेळ वाढला नाही, तर क्रेनचा वेग ताशी किती होईल? प्रत्यक्षात फेरीचा वेळ का वाढू शकतो?

४.२.४ एक उदाहरण : लॉस एंजेलिस आणि लाँग बीच

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ही दोन बंदरे एकाच उपसागरात शेजारी शेजारी आहेत. २०२० च्या मध्यापासून, महामारीच्या काळात, तेथे आयात एकदम वाढली. आतल्या भागातील गोदामे भरली. गोदामात जागा नाही म्हणून भरलेले कंटेनर चासीवरच, म्हणजे चाकांच्या सांगाड्यावरच, उभे राहू लागले. तितक्या चासी कमी झाल्याने बंदरातून नवे कंटेनर उचलायला वाहने अपुरी पडली. त्यापूर्वी स्थानिक मालाचे कंटेनर टर्मिनलवर सरासरी चार दिवसांपेक्षा कमी थांबत. आता ते अधिक काळ पडून राहू लागले आणि थप्प्या उंच झाल्या. जानेवारी २०२२ मध्ये प्रतीक्षेतील कंटेनर जहाजांची संख्या १०९ पर्यंत पोहोचली. ही रांग संपायला २०२२ चा नोव्हेंबर उजाडला.

येथे योजलेले उपाय लक्षात घेण्याजोगे आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन्ही बंदरांनी यार्डात ठरावीक मुदतीपेक्षा अधिक काळ पडून राहिलेल्या आयात कंटेनरांवर आकार लावण्याची घोषणा केली. ही आकारणी वारंवार पुढे ढकलली गेली आणि प्रत्यक्षात कधीच झाली नाही. तरी रेंगाळणाऱ्या कंटेनरांची संख्या बरीच घटली. नोव्हेंबर २०२१ पासून जहाजाचा क्रमांक ते आधीचे बंदर केव्हा सोडते यावरून ठरू लागला. त्यामुळे आधी पोहोचून नांगर टाकण्याची घाई उरली नाही आणि पुष्कळ जहाजे संथपणे येऊ लागली. या दुसऱ्या उपायाने किनाऱ्याजवळची दाटी कमी झाली, पण बर्थ लवकर मिळू लागला असे नव्हे. रांग केवळ दूर सरकली. बर्थ मोकळा होण्याचा संबंध पहिल्या उपायाशी, म्हणजे यार्ड मोकळे करण्याशी होता.

न्हावा-शेवा येथेही हेच तत्त्व दिसते. उतरलेले आयात कंटेनर टर्मिनलवर न ठेवता परिसरातील कंटेनर फ्रेट स्टेशनांकडे हलवले जातात. ‘डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी’ या पद्धतीत आयातदार सीमाशुल्काची पूर्तता आधीच करून कंटेनर थेट टर्मिनलवरून नेतो. दोन्ही मार्गांचा यार्डाच्या दृष्टीने परिणाम एकच : थप्पी बुटकी राहते.

४.३ सारांश

जहाजाची प्रतीक्षा समुद्रावर दिसते, परंतु तिचे कारण अनेकदा यार्डात असते. कंटेनर वेळेवर बाहेर गेले नाहीत, की थप्प्या उंच होतात, उपसण्याचे काम वाढते, ट्रेलर उशिरा परततात आणि क्रेन त्यांची वाट पाहते. बर्थवरील सवड थोडी असल्याने प्रत्येक जहाजाचा विलंब पुढच्याच्या माथी जातो, आणि साचलेला विलंब ज्या गतीने वाढतो त्याहून लवकर क्वचितच फिटतो.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१) दीड.
२) दर अडीच मिनिटांनी एक ट्रेलर, म्हणजे ताशी २४ मूव्ह. परंतु अडथळा आरटीजीपाशी असेल, तर सहावा ट्रेलर तिच्यासमोरची रांगच वाढवील आणि सर्वांची फेरी लांबेल.

४.५ स्वाध्याय

१) ‘यार्डात १३ टक्के जागा शिल्लक असूनही ते भरलेले असू शकते’, हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
२) याच घटकातील बर्थवर जहाजे दर ३६ तासांनी येऊ लागली, तर ताशी २० च्या वेगानेही रांग का लागणार नाही, ते हिशोब मांडून दाखवा.